माळ्यावरचा अर्धवट आरसा : चाळीस वर्षांनी पुन्हा हाती घ्यावा का?

नभांगण | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दिवाळीनंतर माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन गोल काचा, सहा इंची, इंचभर जाडीच्या. शिवाय पावडरच्या सहा बाटल्या, झाकणांवर माझ्या अक्षरात ८०, १२०, २२० असे आकडे.

१९८६ साली मी तेरा वर्षांचा होतो. हॅलेचा धूमकेतू दाखवायला आमच्या शास्त्राच्या सरांनी पहाटे चारला शाळेच्या मैदानावर बोलावलं होतं. दक्षिणेला क्षितिजाजवळ कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसलं आणि मी दुर्बिणीच्या नादाला लागलो. दुर्बिणीचा आरसा काचेवर काच घासून घरीच करता येतो असं सरांनी सांगितलं. बाबा कारखान्यात टर्नर होते. त्यांनी काचा आणून दिल्या, तेलाचा रिकामा बॅरल दगड भरून अंगणात उभा केला. त्याच्याभोवती फिरत मी उन्हाळाभर घासलं. खड्डा छान आला. मग सोनाराकडची लाल पावडर आणून पॉलिश सुरू केलं. मध्यभाग चमकला, कड मात्र धुरकटच राहिली. महिनाभर रोज तास-दोन तास घासलं, तरी तशीच. शेवटी पेटीत घातलं. घरात तेव्हापासून ठरून गेलं की याला चिकाटी नाही.

आता त्रेपन्न वर्षांचा आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, दीड-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला आहे. काच हातात घेतली तेव्हा जे वाटलं ते इतक्या वर्षांत नोकरीतल्या कुठल्याच कामात वाटलं नव्हतं. हे नुसता छंद म्हणून नको, दुर्बिणीचे आरसे करून देणं हाच पुढचा व्यवसाय करावा असं मनात आहे. जे एकदा सोडलं त्यात पुन्हा पडावं का? लहानपणी सोडलेलं काम कुणी मोठेपणी पोट भरण्यासाठी उचललंय का?

---

चंदू_दादरकर | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आधी पेटीचे फोटो टाका. बाकी नंतर बोलू.

---

तिकीटघर | २१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मीही याच विचारात आहे. शाळेत असताना पोस्टाची तिकिटं जमवायचो, चार वह्या भरल्यात. पहिल्या दिवसाच्या शिक्क्याची पाकिटंही आहेत. आता विकायला काढली तर किंमत येईल का? कुणाला खात्रीचा व्यापारी माहीत असेल तर सांगा.

---

हिशेबनीस | २१ नोव्हेंबर, रात्री ११:३०

तिकीटघर, प्रश्न वेगळा आहे हो. ते जुनी वस्तू विकायचं विचारत नाहीयेत, जुनं काम पुन्हा करायचं विचारताहेत. तुमच्या तिकिटांसाठी वेगळा धागा काढा, तिथे उत्तरं मिळतील.

नभांगण, मी स्पष्टच लिहितो. एका आरशाला तुम्हाला किती तास लागतील? समजा साठ लागले आणि आरशाला पंधरा हजार मिळाले, तर तासाला अडीचशे पडतात. त्यातून काच, पावडरी, मुलामा, पार्सल वजा करा. त्यात सहा इंची आरशासकट अख्खी दुर्बीण चीनमधून तयार येते. तिथे आरसे यंत्रावर होतात, तुम्ही बॅरलभोवती चालणार. छंद म्हणून जरूर करा. व्यवसाय म्हणून मला हिशेब बसताना दिसत नाही.

---

मिलिंद७१ | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी कॉलेजात असताना या विषयावर बरंच वाचलं होतं. दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे साधी काच चालत नाही, पायरेक्सच लागते, कारण साधी काच तापमानाने वाकते. दुसरं म्हणजे आरसा नुसता गोलाकार खोल असून उपयोग नाही, मध्याकडे किंचित जास्त खोल असा पॅराबोला करावाच लागतो, नाहीतर काहीच नीट दिसत नाही. आणि हे शेवटचं काम हातांनी जवळजवळ अशक्य आहे. तुमची काच बाबांनी दुकानातून आणलेली असेल तर ती बाजूला ठेवा आणि नवीन घ्या.

---

घासकाम | २२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नभांगण, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मी पुण्यात उपकरणांच्या कारखान्यात काचेवरच काम केलं, निवृत्तीनंतर मुलांना आरसे घासायला शिकवतो. आतापर्यंत माझ्या हाताखालून साठ-सत्तर आरसे गेले असतील.

आधी मिलिंद यांच्या मुद्द्यांबद्दल. मोठ्या आरशांना ते लागू आहेत. सहा इंची आरशाची नाभी, म्हणजे आरशापासून जिथे प्रकाश एकवटतो ते अंतर, लांब, १२०० मिलिमीटरच्या आसपास ठेवली, तर गोल आणि पॅराबोला यांच्यातला फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी उरतो. तसा गोल आरसासुद्धा चंद्र, गुरूचे पट्टे, शनीची कडी सुरेख दाखवतो. थोडा हात फिरवून पॅराबोला आणला तर अजून चांगलं, आणि तो हातानेच येतो. साधी काचही चालते. फक्त ती थंड व्हायला वेळ घेते, म्हणून दुर्बीण तासभर आधी अंगणात ठेवायची. तुमची काच फेकू नका.

आता तुमच्या धुरकट कडेबद्दल. मला वाटतं तुमची चिकाटी कमी पडली नाही, तुम्ही २२० नंबरवरून लवकर पुढे गेलात. ८० नंबरची पावडर काचेत मोठे खड्डे पाडते. १२० त्यांना पुसून स्वतःचे लहान खड्डे पाडते, २२० त्याहून लहान, असं ६०० पर्यंत. प्रत्येक टप्प्याचं काम एकच, आधीच्या टप्प्याचे खड्डे पूर्ण घालवणं. आरशाचा मुख्य खोलगटपणा हाताने आणताना वरची काच कडेबाहेर बरीच सरकवावी लागते, त्यामुळे मध्यभाग जास्त घासला जातो आणि कडेचे मोठे खड्डे सर्वांत उशिरा जातात. ते राहून गेले तर पुढची बारीक पावडर त्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि पॉलिश तर अजिबात नाही. पॉलिश फारच थोडी काच काढते. म्हणजे तुम्ही महिनाभर ज्या खड्ड्यांवर पॉलिश केलंत ते वर्षभरातही गेले नसते.

हे आत्ता तपासता येईल. आरसा साबणाने धुवून कोरडा करा, मागून विजेरी धरा आणि कडेला दहापट भिंगातून पाहा. घड्याळजीचं भिंग चालेल. बारीक, एकसारखा दाणा दिसला तर माझा अंदाज चुकला. त्या दाण्यात मधूनच मोठे काळे ठिपके दिसले तर तेच तुमचे १९८६ चे खड्डे. काय दिसतं ते इथे लिहा.

---

शर्वरी_के | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

घासकाम काका, फार सुंदर लिहिलंत.

नभांगणदादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझा अनुभव लागू पडेल. आजोबांची पेटी होती, हार्मोनियम. दहा वर्षांची असताना मी ती उघडून सगळे सूर बाहेर काढले आणि परत बसवता आले नाहीत. खूप ओरडा खाल्ला. बत्तिसाव्या वर्षी तीच पेटी दुरुस्त करायला घेतली आणि मग कोल्हापुरात दुरुस्तीचं दुकान टाकलं.

पहिली दोन वर्षं मी नव्या पेट्याही विकत होते, कारण सगळ्यांचं म्हणणं होतं की पैसा विक्रीत आहे. मला ते काम अजिबात आवडेना. गिऱ्हाईक, उधारी, गोदाम, वाहतूक. मग एक दिवस मी वहीत लिहून काढलं की दिवसातला कोणता तास कसा गेला हे मला कळतच नाही. तो तास सूर लावण्याचा होता. पितळेच्या जिभेला टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, मुळाकडे फिरवली की उतरतो. दोन-तीन वेळा कानस फिरवायची, परत बसवायची, ऐकायचं, परत काढायची. विक्री बंद केली आणि फक्त सूर लावणं, भाता बदलणं एवढंच ठेवलं. आता पाच जिल्ह्यांतून पेट्या येतात. मिळकत बेताची आहे पण घर चालतं.

म्हणून विचारते. तुम्हाला यातलं नेमकं काय करायचंय? घासायचंय, दुर्बिणी विकायच्यात, की आकाश दाखवायचंय? ही तीन वेगळी दुकानं आहेत.

---

चंदू_दादरकर | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

शर्वरीताई, आमच्या पेटीचा एक सूर दाबल्याशिवायच वाजतो. का?

---

शर्वरी_के | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

पट्टीखालची झडप नीट बसत नाहीये. स्प्रिंग ढिली झाली असेल, झडपेचं कातडं वाळलं असेल किंवा मध्ये कचरा अडकला असेल. वरची फळी काढून त्या पट्टीखाली मऊ ब्रश फिरवा, पुष्कळदा तेवढ्यानेच बंद होतं. तेल घालू नका. आणि आता धागा आरशाकडे जाऊ द्या.

---

जर्सीकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या खगोल मंडळात जातो. जॉन डॉब्सन यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं. ते १९४४ पासून १९६७ पर्यंत वेदांत सोसायटीच्या मठांत, आधी सॅन फ्रान्सिस्कोला आणि मग सॅक्रामेंटोला, संन्यासी म्हणून राहिले. पैसे नव्हते, म्हणून जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा मिळवून त्यांचे आरसे घासले. दुर्बीण ठेवायला प्लायवूडची साधी पेटी केली, ती हाताने ढकलली की फिरते. आज जगभर जी स्वस्त दुर्बीण विकली जाते ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत राहिले.

त्यामुळे आरसा विकण्याचा धंदा होईल का, याबद्दल मला हिशेबनीसांचं पटतं. पण आरसा करायला शिकवण्याचं काम जगात कुठेही बंद पडलेलं नाही. आमच्या मंडळात दर हिवाळ्यात वर्ग भरतो आणि जागा पुरत नाहीत.

---

मृण्मयी_रत्नागिरी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेला दहा-बारा वर्षांपूर्वी देणगीतून आठ इंची दुर्बीण मिळाली. तीन पावसाळ्यांत आरशावर चट्टे पडले, कडेने मुलामा उडाला. आता ती प्रयोगशाळेत कपाटावर आहे, निव्वळ शोभेला. विकणाऱ्या दुकानाने हात वर केले, नवीन घ्या म्हणाले. आसपासच्या आणखी दोन शाळांची हीच गत मला माहीत आहे.

ही काच पुन्हा घासावी लागते का? असं काम कुणी करून देत असेल तर आम्ही पैसे द्यायला तयार आहोत.

---

घासकाम | २५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मृण्मयीताई, घासायची मुळीच गरज नाही आणि कुणाला घासू देऊही नका. काचेचा आकार अजून जसाच्या तसा असतो. वर ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, तेवढाच खारट दमट हवेने खाल्लाय. जुना थर रसायनाने उतरवायचा, काच स्वच्छ करायची आणि निर्वात पात्रात नवा चढवायचा. खरं काम आधीच्या सफाईत आहे. बोटाचा ठसा राहिला तर तिथला थर सहा महिन्यांत उडतो. मुलामा देणारे थोडे आहेत, पण आहेत. तोवर दुर्बीण कपाटावर उघडी ठेवू नका. आरसा काढून हवाबंद डब्यात ठेवा, बरोबर कोरडी सिलिका जेलची पुडी, आणि पुडीचा रंग बदलला की ती बदला.

नभांगण, ही पोस्ट तुम्ही नीट वाचा. गिऱ्हाईक तुमच्या धाग्यावर स्वतः चालत आलंय, आणि त्यांना नवा आरसा नकोय.

---

हिशेबनीस | २५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

हे मात्र मी धरलं नव्हतं. आरसा काढणं, सफाई, मुलाम्याला पाठवणं, परत आल्यावर बसवून जुळवून देणं, याचे तास साठ नक्कीच होणार नाहीत, पाच-सहा होतील. चीनचा माल इथे स्पर्धेला येत नाही, कारण शाळेकडे दुर्बीण आधीच आहे. अडचण अशी की एका शाळेचं काम झालं की ती पुढची काही वर्षं तुमच्याकडे येणार नाही. किती शाळा आहेत हे मोजल्याशिवाय नोकरीसारखी मिळकत गृहीत धरू नका.

---

नभांगण | २६ नोव्हेंबर, रात्री ११:१०

घासकाम काका, भिंग आणलं. कडेपासून साधारण दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात काळे ठिपके आहेत. मोजायला गेलो आणि पन्नासाच्या पुढे सोडून दिलं. मध्यभागी एकही नाही.

मी बराच वेळ भिंग लावून बसलो होतो. बायकोला दाखवलं, आईला दाखवलं. आई आता एक्क्याऐंशीची आहे. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे घासण्यात तुझी चूक नव्हती, सांगणारं कुणी नव्हतं." पुढे काय करू?

---

घासकाम | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:००

आईंना माझा नमस्कार सांगा.

२२० पासून पुन्हा. पण त्याआधी काचेची धार पाहा. कडेला पंचेचाळीस अंशात दीड-दोन मिलिमीटरचा उतार हवा. घासताना तो झिजतो, मग धारेची कपची उडते आणि ती दोन काचांमध्ये सापडली की आरपार ओरखडा. साध्या धार लावायच्या दगडाने पाण्यात उतार करून घ्या.

मग चिमूटभर २२०, चमचाभर पाणी, आणि घासा. सुरुवातीला खरखर येईल. पाच-सात मिनिटांत आवाज बसतो, सळसळ होते, म्हणजे दाणे मोडले. धुवा, नवी चिमूट घ्या. हात कडेबाहेर फार नेऊ नका, व्यासाच्या एक तृतीयांशाएवढीच ये-जा. दर थोड्या वेळाने बॅरलभोवती एक पाऊल सरका आणि वरची काच हातात थोडी फिरवा. मधून आरशावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि दोन मिनिटं घासा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर दोन्ही काचा एकमेकींना नीट लागताहेत. कडेच्या रेघा मागे राहिल्या तर कड अजून लागत नाही, पुढे जाऊ नका. शेवटचा काळा ठिपका गेल्यावर आणखी तीन चिमटी, मगच ३२०.

नंबर बदलताना बादली, स्पंज, वर्तमानपत्र, सगळं बदला. कपडेसुद्धा. २२० चा एक दाणा ६०० मध्ये आला तर दोन दिवस वाया जातात. आणि गाळ मोरीत ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो.

व्यवसायाचा निर्णय आत्ता घेऊ नका. हा आरसा पुरा करा, मग लगेच दुसरा करा. पहिला आरसा सगळेच भारल्यासारखे करतात. दुसरा करताना मन रमलं तर मला फोन करा.

---

मिलिंद७१ | २७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

साध्या काचेबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण दहा-बारा इंचाला पायरेक्स लागेलच ना?

---

घासकाम | २७ नोव्हेंबर, रात्री ९:००

मोठ्या आरशाला घ्यावीच, निदान सुख तरी मिळतं. पॉलिश करताना साधी काच हाताच्या उबेनेही फुगते आणि चाचणीत खोटं दाखवते. डॉब्सन यांनी मात्र मोठे आरसेही जहाजाच्या काचेतूनच केले.

---

अनघा_प | २ डिसेंबर, सकाळी ११:४०

मला या धाग्यावर थोडं विरोधी लिहायचंय. माझी लहानपणची आवड चित्रकला. चाळिशीत नोकरी सोडून ऑर्डरी घ्यायला लागले आणि तीन वर्षांत ब्रश हातात धरवेना. लोकांना त्यांच्या सोफ्याच्या रंगाला जुळणारी चित्रं हवी होती. आता परत नोकरी करते आणि रविवारी चित्र काढते, विकत नाही. शर्वरीताईंना त्यांचा आवडता तास विकता आला. माझा आवडता तास विकल्यावर आवडता राहिला नाही. हे आधी कसं कळायचं ते मला अजून माहीत नाही. दादांनी सगळी पुंजी घालू नये एवढंच कळकळीने सांगते.

---

शर्वरी_के | २ डिसेंबर, दुपारी ४:३०

अनघा, खरंय तुझं. माझ्या कामात गिऱ्हाइकाची आवड मध्ये येत नाही. सूर लागला की लागला, दोघांनाही ऐकू येतं. चित्राचं तसं नाही. आरशाचं बहुतेक माझ्यासारखं असावं.

---

नभांगण | ८ मार्च, रात्री १२:२०

धागा वर काढतोय, कारण तीन महिन्यांचा हिशेब द्यायचा आहे.

२२० वर अकरा तास गेले. काळे ठिपके कमी होत होत शेवटी एकच राहिला, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर. त्या एकासाठी दोन तास लागले. पुढे ३२०, ४००, ६०० मिळून पाच तास. बाबांची स्टीलची पट्टी आरशावर आडवी ठेवून फीलर गेजने खोली मोजली, १.२ मिलिमीटर. व्यास १५२. म्हणजे नाभी १२०० च्या अगदी जवळ. तेरा वर्षांच्या मुलाने खड्डा बरोबर केला होता.

लाल पावडरऐवजी सेरियम ऑक्साइड वापरलं आणि पॉलिश घासायला पिचचं, म्हणजे डांबरासारख्या घट्ट राळेचं पॅड केलं. पहिलं पॅड चुकलं. जानेवारीत केलं तेव्हा अंगठ्याच्या नखाची खूण बरोबर उमटत होती, पण फेब्रुवारीच्या शेवटी सांगलीत दुपार तापायला लागली आणि पॅड मऊ पडलं. काकांना फोन केला तर म्हणाले, मऊ पॅडमध्ये काच रुतते आणि कड खाली पडते. राळ वाढवून नवं पॅड केलं आणि फक्त पहाटे पाच ते आठ काम ठेवलं. साडेसात तासांत कडेपर्यंत चकाकी आली. कडेपर्यंत. ते पाहताना काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मग चाचणी. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा केला, आठ फुटांवर छोटा एलईडी आणि दाढीचं ब्लेड. ब्लेड हळूहळू प्रकाशात सरकवलं की आरशावर सावल्या उमटतात आणि पृष्ठभागाचे उंचसखल भाग डोंगर-दऱ्यांसारखे दिसतात. काकांनी सांगितलं होतं म्हणून आरशाच्या मध्यावर अर्धा मिनिट अंगठा टेकवला आणि पुन्हा पाहिलं. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी होती, निव्वळ उबेने फुगलेली. बघता बघता काही मिनिटांत ती विरून गेली. आईला बोलावून परत करून दाखवलं.

दोष आहे. पहिल्या पॅडमुळे शेवटचे तीन मिलिमीटर खाली पडलेत. काका म्हणतात, काळ्या कागदाची कडी लावून तेवढी कड झाकून टाका, उरलेला आरसा चांगला आहे. पुन्हा घासून ती काढायची की झाकायची हे ठरलेलं नाही.

व्यवसायाबद्दल. मृण्मयीताईंच्या शाळेचा आरसा काकांच्या देखरेखीखाली उतरवला, मुलामा देऊन आला, आणि मागच्या रविवारी रत्नागिरीला जाऊन बसवून जुळवला. त्यांच्या ओळखीच्या दोन शाळांचं काम एप्रिलमध्ये आहे. हिशेबनीस, प्रवास धरून नऊ तास गेले, सहा नाही. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या तीन जिल्ह्यांतल्या शाळांना पत्रं लिहून विचारतोय की दुर्बीण आहे का आणि कशी आहे. सत्तेचाळीस पत्रं गेली, चौदा उत्तरं आली, त्यांतल्या सहा शाळांत बंद दुर्बीण आहे. एवढ्यावर घर चालणार नाही हे दिसतंय. मे महिन्यात काकांच्या वर्गात मदतनीस म्हणून जाणार आहे, शिकवणं जमतं का ते बघायला. नवे आरसे विकण्याचा विचार सध्या सोडलाय. अनघाताई, पुंजीला हात लावलेला नाही.

दुसऱ्या आरशाची काच परवा आली. घासायला घेतली आहे, ८० नंबरवर आहे. रमतोय.

---

अनघा_प | ८ मार्च, सकाळी ७:१५

आईंच्या चेहऱ्याचा फोटो काढलात का, टेकडी बघताना?

---

चंदू_दादरकर | ८ मार्च, सकाळी ९:००

मुलामा कधी? आरशातून बघितलं का काही?

---

नभांगण | ८ मार्च, रात्री १०:५०

अनघाताई, खोलीत अंधार होता, फोटो नाही.

चंदू, मुलामा अजून द्यायचाय, कडेचं ठरलं की पाठवीन. पण काका म्हणाले, चंद्राला मुलामा लागत नाही. कोरी काच जेमतेम चार टक्के प्रकाश परत पाठवते, चंद्र इतका तेजस्वी आहे की तेवढा पुरतो. म्हणून अष्टमीच्या रात्री प्लायवूडच्या पेटीत आरसा ठेवला आणि गच्चीवर नेला. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा स्वच्छ दिसल्या, एका विवराच्या मधल्या डोंगराचं टोकसुद्धा. आईला खुर्चीवर उभं राहता येत नाही, म्हणून बायकोने आणि मी पेटी विटांवरून खाली घेतली. आई पाच मिनिटं डोळा लावून होती. मग म्हणाली, "जरा सरकला बघ तो, परत मध्ये आण."

---

मृण्मयी_रत्नागिरी | ९ मार्च, सकाळी ८:३०

आमच्या दुर्बिणीतून काल नववीच्या मुलांनी गुरूचे चार चंद्र पाहिले. एका मुलीने विचारलं की हा आरसा घरी करता येतो का. मी तुमचा नंबर देऊ का तिला?

---

नभांगण | ९ मार्च, सकाळी ८:४५

द्या. आणि तिला सांगा, २२० वरून पुढे जाण्याआधी मला फोन करायचा.